बँकेला दिलेला खुलासा आणि न दिलेला

१० मे २००७, गुरुवार. वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या गच्चीवर कडकडीत वाळल्या होत्या आणि कांडपावर न्यायच्या आधी देठ खुडायचे होते. मी नाकाला पदर बांधून पोत्यापाशी बसले होते. अर्धं पोतं झालं असेल तेव्हा खाली फोन वाजला. बोटांची आग होत होती, म्हणून रिसीव्हर दोन मनगटांत धरून उचलला.

बँकेचे मॅनेजर होते. "मॅडम, तुमची जी परदेशातून रक्कम आलीय ना, ती औरंगाबादच्या विदेशी विनिमय शाखेनं थांबवलीय. त्यांचं पत्र आलंय. आज येऊन जाता का?"

"उद्या आले तर?"

"आजच या. मुदतीचं पत्र आहे."

भोकरदनला आम्ही यजमानांच्या खताच्या दुकानामुळे आलो. त्याआधी मी जालन्याला एका विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवत होते. तिथे पगार कधी व्हायचा, कधी नाही. भोकरदनला आल्यावर घरात संगणक आला, टेलिफोनवरून इंटरनेट आलं आणि मी परदेशी कंपन्यांसाठी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करू लागले. नोकरी नाही, करार नाही. काम आलं की करायचं, बिल पाठवायचं, पैसे बँकेत यायची वाट बघायची. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. गल्लीत मात्र मी घरी बसून नक्की काय करते हे कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. "संगणकावर टाइप करतात" एवढ्यावर सगळे समाधानी होते.

त्या वेळचं काम युरोपातल्या एका कंपनीचं होतं. औषधांच्या चाचण्यांमध्ये रुग्णांना विचारायच्या प्रश्नावल्या ही कंपनी वेगवेगळ्या भाषांत तयार करते. ते काम नुसत्या भाषांतरावर संपत नाही. मी इंग्रजीचं मराठी करायचं, मग दुसरा कुणीतरी ते मराठी परत इंग्रजीत नेणार, दोन्ही इंग्रजी ताडून बघणार. शेवटी मी खऱ्या रुग्णांसमोर बसायचं. एकेका बाईला एकेक प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, यातून तुम्हाला काय समजलं? जिथे समजलं नाही तिथे शब्द बदलायचा. अशा पाच जणी हव्या होत्या आणि पाचही जणींना तोच त्रास असायला हवा होता.

त्रास होता लघवी न धरवण्याचा. खोकलं, हसलं, घागर उचलली की थेंब जातात. बायकांत हे इतकं सर्रास आहे आणि इतकं न बोललेलं आहे, की मला वाटलं होतं पाच जणी मिळायला महिना जाईल. आमच्या गल्लीतल्या नानींनी दोन दिवसांत पाच जणी आणल्या. पाचव्या त्या स्वतः. साठीच्या पुढच्या, तीन मुलांच्या आई, लिहिता-वाचता न येणाऱ्या, पण कुणाच्या घरात काय शिजतंय हे वासावरून सांगणाऱ्या. पाचही जणी आमच्या बचत गटातल्या. मी त्या गटाची सचिव. गटाची खजिनदार शिवणकाम करणारी, पस्तिशीची, तीही या पाचांत होती. प्रत्येकीला मी शब्द दिला होता की तुमचं नाव या आजाराशेजारी कुठल्याही कागदावर बाहेर जाणार नाही. कंपनीचाही नियम तोच होता. त्यांच्याकडे गेलेल्या अहवालात बाई क्रमांक एक, बाई क्रमांक दोन, एवढंच लिहिलेलं होतं.

प्रत्येकीला चारशे रुपये मानधन होतं. ते मी आधी माझ्या खात्यातून काढून हातावर ठेवलं. कंपनी नंतर माझ्या बिलात ते भरून देणार होती.

हात तीनदा साबणाने धुऊन बँकेत गेले. मॅनेजर तरुण होते, विदर्भाकडून बदलून आलेले, बोलायला नम्र आणि कागदाच्या बाबतीत काटेकोर. त्यांनी फॅक्सवर आलेलं पत्र माझ्यापुढे सरकवलं. रक्कम पाठवणाऱ्याचं तुमच्याशी नातं काय, रक्कम कशापोटी, स्रोत काय, कागदोपत्री पुराव्यासह कळवा. मुदतीत खुलासा न आल्यास रक्कम पाठवणाऱ्याकडे परत केली जाईल.

"याआधी इतक्या वेळा पैसे आले, तेव्हा कधी विचारलं नाही," मी म्हणाले.

"याआधी संदेशात नुसतं भाषांतर असं लिहिलेलं असायचं. या वेळी हे बघा."

पैशांबरोबर जो संदेश येतो त्याची एक ओळ त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केली होती. इंग्रजीत होतं, पण अर्थ असा की भोकरदन येथील पाच महिलांसाठी साहाय्य, आणि भाषांतर. कंपनीच्या हिशेबनीस बाईंनी मानधनाचं त्यांच्याकडचं हिशेबाचं नाव जसंच्या तसं उतरवलं होतं. त्यांच्या लेखी ते बरोबर होतं. आमच्या बँकेत ते देणगीसारखं वाचलं गेलं. परदेशी देणगी घ्यायची तर केंद्रीय गृहमंत्रालयाकडे नोंदणी लागते किंवा आधी परवानगी लागते, हे मला मॅनेजरांनीच सांगितलं.

"ही देणगी नाही. कामाचे पैसे आहेत."

"मान्य. पण मॅडम, अजून एक आहे." त्यांनी दुसरा कागद काढला. आमच्या बचत गटाच्या खात्यात पंधरा दिवसांपूर्वी भरलेल्या दोन हजारांची स्लिप होती. "तुमच्या गटाच्या खजिनदार बाईंनी हे भरलं. कॅशियरनं विचारलं, आज महिन्याचा हप्ता तर नाही, मग हे कसले? त्या म्हणाल्या, आमचं फॉरेनचं आलं. आता तुम्हीच सांगा, तुमच्या खात्यावर पाच महिलांच्या नावानं परदेशातून पैसे येतात, तुम्ही गटाच्या सचिव, आणि गटाच्या खात्यात फॉरेनचे पैसे जमा होतात. औरंगाबादला मी काय कळवू?"

मला त्या क्षणी खजिनदारीण समोर असती तर बोलले असते. पण तिचं चुकलं नव्हतं. आमच्या गटातली रीतच ती होती. बाहेरून काही मिळालं, पापडाचं असो की शाळेच्या खिचडीचं, की ते आधी गटाच्या खात्यात टाकायचं. घरी रोख नेलं की कुठून आणलं, किती आणलं, दे इकडे, हे सुरू होतं. गटातून मागाहून उचल म्हणून काढलं की कुणी विचारत नाही. पाचही जणींनी चारशे-चारशे रुपये एकत्र करून खजिनदारणीच्या हातात दिले होते आणि तिने मोठ्या ऐटीत भरले होते.

"पण त्यांना पैसे मी आधी दिलेत, माझ्या खात्यातून काढून. माझ्या खात्याचा उतारा बघा. परदेशातलं तर अजून आलंच नाही."

"ते बघितलं मी. पण नंतर भरपाई होणार म्हणून आधी दिले असतील, असंही कुणी म्हणेल." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांनी बोटांवर यादी सांगितली. कामाची ऑर्डर, बिल, कंपनीचं पत्र, आयकराच्या रिटर्नची पावती. "आणि पाच जणींचे व्हाउचर. नाव, सही आणि कामाचं स्वरूप."

मी मान हलवली आणि उठले. झेरॉक्स मशीनपाशी बँकेचा शिपाई उभा होता. या बँकेत जो कागद येतो तो आधी त्याच्या हाताखालून जातो, मग फायलीत. तो आमच्या खजिनदारणीचा सख्खा दीर.

घरी येऊन कामाची ऑर्डर काढली. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात चाचणीचं शीर्षक होतं आणि त्यात आजाराचं नाव होतं. त्याखाली पाच रुग्णांच्या मुलाखती, प्रत्येकी इतके. ही ऑर्डर आणि पाच नावांचे व्हाउचर एका फायलीत लागले की झालं. कागद दिले नाहीत तर पैसे परत जाणार, आणि पैसे परत गेलेल्या भाषांतरकाराला कंपनी पुढचं काम देत नाही. दिले तर माझा शब्द गेला आणि त्या बायकांचं गावात हसं. खजिनदारणीचं तर घरातच.

दुसऱ्या दिवशी जालन्याला गेले. माझं आयकराचं काम बघणारे सीए राजस्थानी जैन, तीन पिढ्या जालन्यातले, घरात मारवाडी, ऑफिसात मारवाडी, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषांची भेळ. बियाण्यांच्या व्यापाऱ्यांच्या फायलींच्या ढिगातून त्यांनी मान वर केली.

"भाभी, मे महिन्यात? तुमचं रिटर्न तर जुलैला."

मी सगळं सांगितलं. आजार सोडून. मी एवढंच म्हणाले की ऑर्डरवर गोपनीय मजकूर आहे, करारातच तसं कलम आहे.

"मंग ऑर्डर देऊ नका. बँकेला पाहिजे काय? पैसा कुणाचा, कशाचा, आन् तुम्ही हिशेबात दाखवता का न्हाई. बिल द्या. त्यांच्याकडून लेटरहेडवर पत्र आणा, हे सेवेचे पैसे आहेत, दान न्हाई, बिल नंबर सकट. गेल्या दोन सालच्या रिटर्नच्या पावत्या मी देतो, त्यात भाषांतराची जमा बराबर दाखवलीय. आन् त्यांच्या बँकेला सांगा, तिकडून आपल्या बँकेला दुरुस्तीचा संदेश पाठवा म्हणून. जो चूक लिहितो त्यानंच सुधारायचं. बात खतम."

"आणि बायकांचे व्हाउचर?"

"ते तुमचं तुम्ही बघा. फक्त खोटं काही लिहू नका. एक खोटं सापडलं की मंग खरं पण कुणी वाचत न्हाई." मग चष्मा वर करून म्हणाले, "चाय घ्या. आन् पुढच्या वेळी काम घ्यायच्या आधी त्यांना सांगत जा, पैसे पाठवताना काय लिहायचं ते. हम लोग माल पाठवतो तर डब्यावर काय लिहायचं तेही आपणच सांगतो का न्हाई?"

फी घेतली नाही, चहा दिला. संध्याकाळच्या गाडीने परत आले आणि रात्रीच्या आत कंपनीला मेल टाकला. तिकडच्या समन्वयक बाईंना आधी प्रश्नच कळेना. साहाय्य लिहिलं तर काय बिघडलं? मी लिहिलं की आमच्याकडे परदेशातून साहाय्य आलं तर सरकारला सांगावं लागतं, मजुरी आली तर नाही. हे त्यांना लगेच कळलं. सही केलेली ऑर्डर बदलून देता येणार नाही, म्हणाल्या, पण वित्त विभागाच्या प्रमुखांच्या सहीचं पत्र देऊ. पत्रात काय हवं ते मीच लिहून पाठवलं. बिल क्रमांक, ऑर्डर क्रमांक, रक्कम, भाषांतर आणि भाषा तपासणीची सेवा, सदर रक्कम देणगी किंवा अनुदान नाही. शीर्षक नको, आजार नको. ते पत्र तीन-चार दिवसांत आलं आणि दुरुस्तीचा संदेश त्यांच्या बँकेतून निघाल्याचंही कळलं.

राहिल्या पाच जणी. खजिनदारणीच्या शिलाईच्या खोलीत बसलो, दार लावून. कापडाचे तुकडे, गरम हवा, पंखा नुसता फिरत होता. मी बँकेत काय झालं ते सांगितलं तशी खजिनदारीण पांढरी पडली.

"वहिनी, माहं चुकलं. म्या कशाला बोलले फॉरेनचं?"

"ते झालं. आता बँकेला व्हाउचर पाहिजेत. नावं, सह्या आणि काय काम केलं ते."

"काय काम केलं?" ती ओरडलीच, मग आवाज खाली आणला. "माहा दीर तिथं झेरॉक्स काढून राह्यला! घरी जाऊन जावेला सांगंल, जाऊ सासूला. मला दोन लेकरं हायत वहिनी. हे त्यांच्या बापालासुद्धा माहीत न्हाई."

कोपऱ्यातली एक जण म्हणाली, "शिवणकाम लिहा की. ताईचं दुकानच हाय. पाच जणींनी ब्लाउज शिवले, संपलं."

"परदेशात कुणी भोकरदनला ब्लाउज शिवायला टाकतं का?" मी म्हणाले. "आणि कंपनीच्या पत्रात भाषा तपासणी आहे. दोन कागद दोन गोष्टी बोलले तर मॅनेजर दोन्ही फेकून देतील. खोटं मी लिहिणार नाही."

"मंग खरं लिहा," नानी म्हणाल्या. त्या आतापर्यंत सुपारी कातरत होत्या. "खरं काय केलं आपण? हिनं वाचलं, आपण ऐकलं. कुठला शबुद कळला न् कुठला न्हाई ते सांगितलं. हाय का न्हाई? दुखणं आपलं, काम ऐकायचं. पैसे दुखण्याचे थोडेच भेटले? दुखण्याचे भेटत असते तर म्या आज बंगल्यात राहिले असते."

सगळ्या हसल्या. एकीने हसता हसता मांड्या आवळल्या, आणि त्यावर पुन्हा हसू आलं.

नानींनी जे सांगितलं तेच मी व्हाउचरवर लिहिलं. भाषांतरित मराठी मजकूर सामान्य वाचक-श्रोत्यांना समजतो का हे तपासण्यासाठी एक बैठक, मानधन रुपये चारशे. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. चौघींनी सह्या केल्या, नानींनी अंगठा. दोन बायकांना अजून धाकधूक होती. मॅनेजरनं कशाचा मजकूर म्हणून विचारलं तर?

"तर मी सांगेन की ते सांगता येत नाही, करारात लिहिलंय."

"तुझं ऐकतील," नानी म्हणाल्या. "ताईला विचारलं तर ताई रडंल. मला घेऊन चल. माह्याशी बोलताना लोक जल्दी कंटाळतात."

मी नको म्हणत होते. पण गटाच्या भरण्याबद्दल गटातल्या कुणीतरी समक्ष सांगणं योग्य होतं. नानी गटाच्या अध्यक्ष होत्या, नावाला का होईना. म्हणून दुसऱ्या दिवशी बँक उघडल्या उघडल्या आम्ही दोघी गेलो. कागदांच्या प्रती मी बाजारातल्या दुकानातून आधीच काढून नेल्या होत्या. बँकेच्या मशीनवर एकही जाऊ द्यायची नव्हती.

मॅनेजरांनी क्रमाने वाचलं. बिल. पत्र. रिटर्नच्या पावत्या. माझ्या खात्याचा उतारा. रक्कम सेवेपोटी आहे असं माझं सहीचं निवेदन. मग म्हणाले, "ऑर्डर?"

"करारातलं गोपनीयतेचं कलम जोडलंय. ऑर्डरचा क्रमांक आणि रक्कम पत्रात आहे, बिलात आहे, दोन्ही जुळतात. त्यांच्या बँकेकडून दुरुस्तीचा संदेशही येतोय. त्याउपर औरंगाबादला ऑर्डर लागलीच तर त्यांनी कंपनीला थेट लिहावं."

त्यांनी मान डोलावली, पटल्यासारखी नाही, नोंद घेतल्यासारखी. व्हाउचर पाहिले. एका अंगठ्यावर बोट ठेवलं. "या कोण?"

"म्या," नानी म्हणाल्या.

"आजी, तुम्ही वाचायचं काम केलं? तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई ना साहेब. म्हणून तर मला घेतलं. वाचता येणाऱ्याला कळलं तर काय नवल? मला कळलं तर समद्यांला कळंल."

मॅनेजर हसले. मी नाही. ते पेन्सिल टेकवत म्हणाले, "काय होतं त्यात? कशाबद्दल?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात नानी बोलल्या. "जिन्याबद्दल. जिना चढता का म्हणून इचारत होते. म्या म्हणलं, बाई, माह्या घरात जिनाच न्हाई, मी चढू कुठं? मंग हिनं ते काढून टाकलं न् चढाव घातला. चढाव हाय आमच्याकडं, मळ्याकडं जाताना. मंग मला बराबर कळलं."

यात खोटं काही नव्हतं. प्रश्नावलीत जिना खरोखर होता आणि तो मी नानींमुळेच बदलला होता. त्या प्रश्नाचा पुढचा अर्धा भाग, चढताना काय होतं तो, नानींनी गिळला एवढंच.

"जिन्याबद्दल एवढे पैसे देतात?" मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाले.

"एकेका शब्दासाठी भांडावं लागतं," मी म्हणाले. तेही खरं होतं.

नानी थांबेनात. "आन् साहेब, गटात पैसे भरले तर गुन्हा हाय का? घामाचे हायत. आम्ही घरी नेले असते तर एकीच्या नवऱ्यानं ढोसले असते, एकीच्या पोरानं मोबाइल घेतला असता. तुमच्या बँकेत टाकले तर तुम्हीच पोलिसावानी इचारून राह्यले. मंग आम्ही पैसे टाकावं कुठं, चुलीत?"

"नाही, नाही, आजी, बँकेतच टाका," मॅनेजर घाईने म्हणाले. शिपाई चहा घेऊन आत आला. त्यानं नानींना बघून "काय नानी, इकडं कुठं?" असं विचारलं.

"जिन्याचं बघायला आल्ते," नानी म्हणाल्या. तो काही न समजता बाहेर गेला.

मॅनेजरांनी नानींकडून दोन ओळींचं निवेदन घेतलं की गटात भरलेली रक्कम सभासदांच्या स्वतःच्या मानधनाची बचत आहे, देणगी नाही. मीच ते लिहिलं, नानींनी अंगठा दिला. व्हाउचरच्या प्रती त्यांनी ठेवल्या, मूळ मला परत केल्या. शेरा मारला की ग्राहकाने समाधानकारक खुलासा दिला, आणि सगळं लिफाफ्यात घालून औरंगाबादच्या टपालात टाकलं. मग मला म्हणाले, "मॅडम, रागावू नका. मी नाही विचारलं तर उद्या मला विचारतील."

"विचारायलाच पाहिजे," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं. माझ्या जागी दुसरं कुणी गटाच्या नावावर काही भलतं करत असतं तर मलाही कुणीतरी विचारावं असंच वाटलं असतं.

पायऱ्या उतरताना नानी म्हणाल्या, "तो साहेब चांगला हाय. पण ओठावर मिशी न्हाई तर पोरगं वाटतं." घरी गेल्यावर मी मिरच्यांचं उरलेलं पोतं काढलं.

पुढच्या आठवड्यात दुरुस्तीचा संदेश पोचला आणि बँकेचा आकार वजा होऊन रक्कम खात्यात जमा झाली. औरंगाबादहून परकीय रक्कम मिळाल्याचं प्रमाणपत्र आलं, त्यावर कारण लिहिलं होतं भाषांतर सेवा. मी ते सीएंसाठी फायलीला लावलं. कंपनीने त्याच दिवशी पुढच्या कामाबद्दल विचारलं. काम त्याच विषयाचं होतं, थोडं मोठं.

त्या संध्याकाळी खजिनदारीण आली. माझा एक ब्लाउज तिच्याकडे शिवायला होता, तो घेऊन. ब्लाउज हातात दिला तरी जाईना. शेवटी म्हणाली, "वहिनी, त्या कागदात एक होतं. डॉक्टरला दाखवलं का, असं. तुम्ही वाचलं तव्हा म्या न्हाई म्हणले."

"हो."

"दाखवतात का याला? म्हंजी, याला औषध असतं?"

"व्यायाम असतात. औषधही असतं. काहींना ऑपरेशन लागतं, सगळ्यांना नाही. असं मला ते भाषांतर करताना कळलं, मी डॉक्टर नाही."

"मला वाटलं बाळंतपणानंतर असंच राहतं. माह्या मायचं असंच होतं." तिने हातातली सुई पदराला टोचली. "घरी काय सांगू?"

"माझ्याबरोबर जालन्याला चाललीस म्हणून सांग. तिथे बायकांच्या डॉक्टरकडे जाऊ. माझं सीएंकडे प्रमाणपत्र द्यायचं काम आहेच. तुझा दीर विचारेल तर गटाचं काम म्हण."

"गटाचं तर हायच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मी कंपनीला मेल लिहिला. नवं काम घेते, पण पैसे पाठवताना संदेशात फक्त एवढंच लिहावं, म्हणून ओळ लिहून दिली. मानधन माझ्या बिलातच धरावं, वेगळं दाखवू नये. आणि पाच जणी त्याच असतील असं गृहीत धरू नये, मी त्यांना आधी विचारीन. मग प्रमाणपत्र पिशवीत घालून स्टँडवर गेले. खजिनदारीण आधीच येऊन उभी होती, डबा घेऊन. जालन्याची गाडी लागल्यावर मी धावत चढून दाराजवळची दोन जणांची सीट धरली, राजूरला गाडी थांबते तेव्हा तिला पटकन उतरून बाथरूमला जाऊन येता यावं म्हणून.